रात्रभर दही-लिंबात ठेवलेलं चिकन पिठूळ का होतं

प्रश्न : शनिवारी रात्री दहाला १ किलो बोनलेस ब्रेस्टचे तुकडे, पाव किलो दही, २ लिंबांचा रस, आलं-लसूण, मीठ-मसाला असं सगळं एकत्र कालवून फ्रिजमध्ये ठेवलं. रविवारी दुपारी दोनला ओव्हनमध्ये लावलं. तुकडे बाहेरून पिठासारखे लागले, शिगेवरून गळून पडले आणि आत मात्र कोरडे. नवरा म्हणतो दही आंबट होतं, सासूबाई म्हणतात लिंबू जास्त झालं. नक्की काय चुकलं? किती वेळ ठेवायचं?

उत्तर :

ताई, सासूबाई जास्त बरोबर आहेत, पण दोन लिंबं हा मोठा गुन्हा नाही. ती दोन लिंबं ब्रेस्टच्या लहान तुकड्यांवर १६ तास बसली, हे नडलं. ब्रेस्टला लिंबासकट मसाला लावला तर ३-४ तास पुरे. रात्रभर ठेवायचंच असेल तर रात्री लिंबू घालायचं नाही, शिगेवर लावायच्या अर्धा तास आधी घालायचं. एवढं केलंत तरी पुढच्या रविवारी काम होईल. कारण समजून घ्यायचं असेल तर पुढे वाचा, कारण कळलं की वेळेचं कोष्टक पाठ करावं लागत नाही.

आपण पनीर करताना तापलेल्या दुधात लिंबू पिळतो तेव्हा काय होतं, ते आठवा. दूध फाटतं, प्रथिनं एकमेकांना धरून गोळा होतात आणि पाणी वेगळं सुटतं. चिकनवर लिंबू पिळल्यावर याच जातीचं काम थंडपणे आणि सावकाश होतं. ब्रेस्टचा एक गुलाबी तुकडा वाटीत घ्या, त्यावर नुसतं लिंबू पिळा आणि दहा मिनिटं बघत बसा. वरचा गुलाबी, किंचित पारदर्शक रंग जाऊन तो पांढुरका, दुधी होतो, जणू उकळत्या पाण्यात बुडवून काढलाय. आम्लाने मांसाच्या प्रथिनांची घडी उलगडते, ती एकमेकांना घट्ट धरतात आणि धरता धरता आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. अर्ध्या तासाने वाटीत जे गढूळ पाणी दिसतं त्यात लिंबाच्या रसाबरोबर चिकनचंही पाणी असतं.

ही पहिली पायरी, आणि इथे मांस उलट घट्ट होतं. मऊ होतं ते पुढे. आम्ल तसंच राहिलं की धाग्यांना बांधून ठेवणारी जाळी ढिली पडते. शिवाय मांसाच्या पेशींमध्ये स्वतःचेच काही पाचक एन्झाइम असतात, त्यांना आंबट वातावरण मानवतं, तेही धागे कुरतडायला लागतात. धागा धाग्याला धरून राहत नाही. अशा तुकड्याला चव असते, पण चावायला काही उरत नाही. तोंडात तो ओल्या पिठासारखा पसरतो. आमच्याकडे पोरं त्याला ‘चिकनचा शिरा’ म्हणतात.

आता तुमचा खरा कोड्याचा भाग. बाहेर लगदा आणि आत कोरडं, हे एकाच तुकड्यात कसं?

पीएच ही आंबटपणाची मोजपट्टी, आकडा जितका कमी तितकं आंबट. कच्च्या चिकनचा पीएच साधारण ५.८ ते ६ असतो. मांस पाणी सगळ्यात कमी कधी धरतं, तर हा आकडा ५.१-५.२ च्या आसपास आला की. त्याच्याही खाली गेलं की मांस पुन्हा फुगतं, पाणी पितं आणि सैल होतं. लिंबाचा रस २ ते २.५ चा आहे. म्हणजे तुमच्या तुकड्याचा अगदी बाहेरचा थर तो कोरडा टप्पा ओलांडून खाली, सैल भागात गेला. त्याच्या आतला पट्टा मात्र बरोबर पाणी सोडण्याच्या टप्प्यावर अडकला. त्यात बाहेरचा ओला लगदा ओव्हनमध्ये लवकर लाल होत नाही, कारण आधी त्यातलं पाणी उडून जावं लागतं, आणि आंबट पृष्ठभाग तसाही उशिरा रंग धरतो. तुम्ही रंगाची वाट बघत दहा मिनिटं जास्त ठेवलं असणार. तेवढ्या वेळात मधला भाग गेला कामातून.

आम्ल आत किती जातं याबद्दल लोकांची समजूत फार उदार असते. रात्रभर ठेवलं म्हणजे मसाला हाडापर्यंत मुरतो असं आपण म्हणतो. खरं तर आम्ल काही मिलिमीटरच आत शिरतं. हळद, तिखट, गरम मसाला तर जवळजवळ वरच राहतात. खोल जातं ते मीठ. मग काही मिलिमीटरने एवढा बिघाड कसा, तर तुकड्याचा आकार बघा. ३ सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा धरा आणि सगळ्या बाजूंनी ३ मिलिमीटरचा थर आम्लाने बाद झाला असं समजा. आतला शाबूत तुकडा उरला २.४ सेंटिमीटरचा. आकारमान काढलं तर मूळच्या जवळजवळ निम्मं मांस बाहेरच्या थरात गेलं. म्हणजे तुम्ही खाल्लेला प्रत्येक घास अर्धा बिघडलेला होता. हेच अख्ख्या तंगडीवर झालं असतं, तर बिघडलेला वाटा खूपच कमी राहिला असता आणि कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून ‘अमक्या ढाब्यावर तर रात्रभर ठेवतात’ हे ऐकून घरी बोनलेसला तेच करू नका. तिथे बहुतेक वेळा हाडासकट मोठा पीस असतो.

दह्याकडे येऊ, कारण नवऱ्याचंही थोडं ऐकायला हवं. ताज्या दह्याचा पीएच साडेचारच्या आसपास असतो, आंबलं की ४ पर्यंत उतरतो. या मोजपट्टीत एक अंक खाली म्हणजे दहापट आंबट, तेव्हा लिंबू आणि दही यांत साधारण शंभरपटीचा फरक आहे. पण नुसता हा आकडा बघितला तर फसायला होतं. हिशेब करा. दोन कागदी लिंबांचा रस निघाला ४० मिलिलिटरच्या आत-बाहेर, त्यात ५-६ टक्के सायट्रिक आम्ल, म्हणजे २ ग्रॅमच्या थोडं वर. पाव किलो दह्यात लॅक्टिक आम्ल पाऊण-एक टक्का, म्हणजे तेही २ ग्रॅमच्याच आसपास. वजनाला दोन्ही सारखीच! तरी दही सौम्य, कारण त्याच्यातलं आम्ल दुधाच्या प्रथिनांनी आवरून धरलेलं असतं, ते पाव किलोत पसरलेलं असतं, आणि साय-प्रथिनांचा जाड लेप मांसावर बसतो. लिंबाचा रस पाण्यासारखा, तो थेट धाग्यांच्या फटीत उतरतो.

तुम्ही दोन्ही एकत्र कालवलं, त्यामुळे दह्याने लिंबाचा थोडा मार अंगावर घेतला. पण दह्याचं सौम्यपणही गेलं. आणि एप्रिल-मे मध्ये पुण्यात सकाळी विरजलेलं दही ओट्यावर राहिलं तर संध्याकाळपर्यंत चांगलंच आंबट होतं, तिथे आम्ल १ टक्क्याच्या वर सहज जातं. त्यामुळे नवऱ्याला थोडे गुण द्यायला हरकत नाही. मसाल्यासाठी दही घेताना चमचाभर चाखा. कढीला चांगलं असं वाटलं तर ते चिकनला नको.

हे मी पुस्तकी सांगत नाही. किचनमध्ये नवीन मुलगा आला की त्याला चार वाट्या लावायला सांगतो. एकाच ब्रेस्टमधले तुकडे, प्रत्येक वाटीत २०० ग्रॅम. पहिलीत फक्त मीठ, दुसरीत मीठ आणि ५० ग्रॅम दही, तिसरीत मीठ आणि दीड चहाचा चमचा लिंबू, चौथीत दही-लिंबू दोन्ही. तुमचंच प्रमाण, पाचव्या हिश्श्याने. चारही फ्रिजमध्ये. चार तासांनी एकेक तुकडा मधोमध कापून बघायचा. लिंबाच्या वाटीतल्या तुकड्याला कडेने पांढरी किनार दिसते, पातळ साडीच्या काठासारखी, आणि आत गुलाबी. दह्याच्या वाटीत किनार जेमतेम. सोळा तासांनी लिंबाच्या तुकड्याची किनार रुंद झालेली असते, कोपरे गोल झालेले असतात आणि कडेचे दोरे सुटून वाटीच्या पाण्यात तरंगत असतात. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो, तो भरून येत नाही. दही-लिंबाचा थोडा बरा, पण शीग टोचली की भोक मोठं होतं आणि तुकडा स्वतःच्या वजनाने फिरतो. नुसत्या दह्याचा मऊ असतो, पण शीग घट्ट धरतो. आणि भाजल्यावर सगळ्यात रसाळ निघतो तो पहिल्या वाटीतला, नुसत्या मिठाचा. मुलं दरवेळी चकित होतात. आतून ओलावा टिकवण्याचं श्रेय आपण दह्याला देतो, त्यातलं बरंच मिठाचं असतं.

माझी स्वतःची फजिती झाली ती गटारीच्या आदल्या दिवशी. खडकवासल्याकडच्या एका फार्महाऊसवर टिक्क्याची ऑर्डर होती, १२ किलो. दुपारी एकला भाजायचं म्हणून आम्ही सकाळी नऊलाच लिंबू-दही सगळं लावून टाकलं. पाऊस असा कोसळला की पाहुणे पोचलेच नाहीत, जेवण दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावर गेलं. माल बर्फात होता, खराब झाला नव्हता, वासही चांगला होता. म्हणून मी निश्चिंत. शिगा भट्टीत उभ्या केल्या आणि पाच मिनिटांत निखाऱ्यांवर थप्-थप् आवाज यायला लागला. निम्मे तुकडे खाली. थंडीत आम्लाचा वेग कमी होतो, थांबत नाही, हे मला त्या दिवशी १२ किलो चिकनच्या भावात कळलं. तेव्हापासून आमच्याकडे लिंबाची बाटली मसाल्याच्या रॅकवर नसते, भट्टीशेजारी असते.

आता करायचं कसं. हॉटेलच्या किचनमध्ये ‘फर्स्ट मॅरिनेशन’ आणि ‘सेकंड मॅरिनेशन’ असं दोन वेळा मसाला लावतात. घरच्या रेसिपी लिहिताना कुणीतरी कंटाळून दोन्ही एकत्र केलं आणि तिथून हा घोळ सुरू झाला, असं माझं मत आहे.

१ किलो बोनलेस घ्या. शक्य असेल तर ब्रेस्टऐवजी लेग बोनलेस मागा. दुकानदार थोडी कुरकुर करेल, पण लेगमध्ये चरबी आणि जोडणारे पडदे जास्त असल्याने तो चुका पोटात घालतो. तुकडे ४ सेंटिमीटरचे, म्हणजे आगपेटीपेक्षा किंचित लहान, आणि सगळे सारखे. कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करा. यावर २ सपाट चहाचे चमचे मीठ, जेवणाचा १ मोठा चमचा लिंबाचा रस (म्हणजे एकाच लिंबाचा), आलं-लसूण वाटण २ मोठे चमचे आणि १ मोठा चमचा काश्मिरी तिखट. हाताने चोळा आणि २०-३० मिनिटं फ्रिजमध्ये. एवढ्या वेळात लिंबू फक्त पृष्ठभागाला धार देतं आणि मीठ आत जायला सुरुवात होते. घड्याळ लावा, अंदाजाने नको.

मग भांडं तिरकं करून जे पाणी सुटलंय ते ओतून टाका. बरेच जण हे पाणी ‘मसाला आहे’ म्हणून ठेवतात. त्यात सगळ्यात जास्त लिंबू असतं आणि तेच पुढे रात्रभर काम करत राहतं.

दुसऱ्या लेपाला दही नाही, चक्का. श्रीखंडाला करतो तसा, फक्त एवढा घट्ट नको. साधारण ३०० ग्रॅम दही फडक्यात दोन-अडीच तास टांगलं की १५० ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो. दह्याचं बरंचसं आम्ल निवळीबरोबर खाली गळून जातं, आणि उरलेला लेप तुकड्यावरून ओघळत नाही. त्यात २ मोठे चमचे मोहरीचं तेल, कोरडं भाजलेलं बेसन १ मोठा चमचा, गरम मसाला, चुरलेली कसुरी मेथी. बेसन सुटणारं पाणी धरतं म्हणून घालायचं, जास्त झालं तर तुकड्याला भज्याची चव येते. हा लेप लावून ब्रेस्टला ३-४ तास, लेग बोनलेसला ६ तास, हाडासकट चीर दिलेल्या तंगडीला १० ते १२ तास चालतं. आदल्या रात्रीच सगळं उरकायचं असेल तर पहिल्या लेपातून लिंबू काढा, बाकी तसंच. सकाळी चिकन शाबूत असेल. आंबटपणा हवा तर भाजून झाल्यावर वरून पिळा, तिथे लिंबाचा वासही ताजा लागतो.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. अॅल्युमिनियमचं पातेलं आणि कल्हई उडालेलं पितळ आंबटाला नको. आणि दही-लिंबू लावलंय म्हणून चिकन ओट्यावर टिकेल, हा गैरसमज असेल तर काढून टाका. जंतू मारण्याएवढं आम्ल त्यात नसतं, मसाला लागल्यापासून शिगेवर जाईपर्यंत ते फ्रिजमध्येच राहायला हवं. ओव्हन पूर्ण तापवा, घरच्या बहुतेक ओव्हनमध्ये २४०-२५० अंश, आणि जाळीवर भाजा म्हणजे पाणी खाली गळेल. थर्मामीटर असेल तर ब्रेस्ट आत ७४ अंशांना काढा. रंग कमी वाटला तर शेवटी दोन मिनिटं थेट गॅसच्या ज्योतीवर फिरवा, रंगासाठी ओव्हनमध्ये बसवून ठेवू नका.

एका गोष्टीची खात्री करून घ्या. आलं-लसूण वाटणात किंवा तयार टिक्का मसाल्यात कच्ची पपई किंवा ‘टेंडरायझर’ होता का, पाकिटामागे बघा. पपईतला पपेन हा आम्लापेक्षा फार पुढचा गडी, तो मांसाचे धागे थेट तोडतो, आणि बोनलेस चिकनला त्याची गरजच नसते. तो मटणासाठी. ताज्या आल्यातही असाच, पण सौम्य एन्झाइम असतो, म्हणून आलं हात राखून घाला. ओळखायची खूण अशी की आम्लाने बिघडलेल्या तुकड्याला कापल्यावर पांढरी किनार दिसते, पपईने बिघडलेला गुलाबीच राहतो पण जेलीसारखा लिबलिबीत होतो. आणि बोटाला चिकट बुळबुळीत लागलं, वास आंबूस-उग्र आला, तर तो प्रश्न मुरण्याचा नाही, माल खराब आहे. टाकून द्या.

पुन्हा कधी असं झालं आणि सकाळी वेळेत लक्षात आलं, तर सगळा मसाला हाताने निपटून काढा, टिपा, आणि नवा चक्का-बेसनाचा लेप लावून अर्ध्या तासात भाजा. बिघडलेला थर परत घट्ट होत नाही, पण पुढे सरकायचा थांबतो. कुणी खायचा सोडा घालून आंबटपणा मारायला सांगेल, ते करू नका. सोडा मांस आणखी सैल करतो आणि साबणासारखी चव येते. आणि फारच गेलं असेल तर टिक्क्याचा हट्ट सोडा. तेच तुकडे सुरीने बारीक कोचा, बारीक कांदा पिळून घाला, २ चमचे बेसन, एक अंडं, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि तव्यावर चपट्या टिक्क्या दोन्हीकडून खरपूस होऊन आतपर्यंत शिजेस्तोवर तळा. त्या गटारीला उरलेल्या ६ किलोचं आम्ही हेच केलं. फार्महाऊसवरच्या एका काकांनी टिक्का सोडून याचीच रेसिपी मागितली.